चाळीशीची अक्षरं

माणसाला खोटं बोलायचंच असेल तर निदान पचेल असं तरी बोलावं, असं म्हणतात. रुपचंद जे बोलला ते इतकं पचण्यासारखं होतं, की तो काम करायचा त्या साऱ्या केंद्राने ते चहाबरोबर गिळलं आणि वरून त्याची थट्टाही केली. तिथेच सगळं बिघडलं.

म्हणाला काय, तर चाळीशी लागली.

आता चाळीशी कुणाला लागत नाही? वयाची लागते तशी डोळ्यांचीही लागते, माणूस बाजारातून चष्मा आणतो, पोथी लांब धरून वाचतो, बायको हसते, संपलं. पण रुपचंदला झालं होतं ते भलतंच. धुळ्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरने अंधाऱ्या खोलीत त्याच्या बुबुळात उजेड टाकून बराच वेळ पाहिलं होतं आणि मग विचारलं होतं, "आईवडील नात्यातले का हो?" होते. त्याच्या आईला आत्याच्याच घरी दिली होती. भडगावकडे मामाच्या पोरीवर भाच्याचा हक्क, ही रीत. डॉक्टरने मान हलवली. म्हणाला, दिवस मावळला की दिसत नाही ते यामुळेच. पडदा कडेकडून मरत येतोय. मधलं शाबूत आहे, ते पुष्कळ वर्षं राहील, नाही तर राहणारही नाही. औषध नाही.

लहानपणी त्याला गावात रातांधळाच म्हणायचे आणि गाजरं खायला घालायचे. तेव्हा निदान दिवस त्याचे होते. आता भर दुपारीही त्याला जग चुलीच्या फुंकणीतून पाहावं तसं दिसे. फुंकणीच्या भोकात जे सापडेल ते स्वच्छ, अगदी बारीकसारीक सुद्धा. भोकाबाहेर काही नाही. काळोखसुद्धा नाही, नुसतं काहीच नाही.

हे त्याच्या बायकोला, इंदिराला, ठाऊक होतं आणि दुसऱ्या कुणाला नाही. कारण उघड होतं. जळगावच्या बाहेर शिरसोलीच्या रस्त्याला एक खाजगी बियाणे संशोधन केंद्र होतं, तिथल्या संगणक खोलीत रुपचंद नोकरीला होता. कपाशीच्या कोणत्या झाडाला किती बोंडं, कोणत्या बोंडाचं किती वजन, असले लाखभर आकडे सांभाळायचं काम. ज्याला दिसत नाही त्याला तिथे कोण ठेवील? आणि तिथून काढल्यावर त्याला दुसरीकडे कोण घेईल? शेतात पाय टाकायची सोय नाही, सायकल चालवायची सोय नाही. पडद्यासमोरची ती एक खुर्चीच काय ती त्याला जमत होती, कारण पडदा समोर असतो. ती गेली की घरात बसायचं आणि इंदिराने शिलाईचं मशीन फिरवायचं. या भीतीने त्याचं काळीज सदा मुठीत असे.

त्या खोलीत दुसरा होता कौतिक. पाचोऱ्याचा, वर्षावर्षाच्या करारावरचा, तोंडाचा फाटका, मनाचा लोणी. केंद्राच्या झोपे साहेबांसमोरही जीभ आवरायची नाही. त्याला लिनक्सचं वेड. एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून त्याने दोन मशीन उभी केली होती आणि त्यांची बारशीही केली होती: जळगावच्या मशीनचं नाव गिरणा, आणि धुळ्याच्या केंद्रात देवपूरच्या पुढे होतं त्याचं नाव पांझरा. जळगावला बसून मोडेमने धुळ्याला जोडायचं, की पडद्यावरच्या एका खिडकीत गिरणा आणि दुसऱ्या खिडकीत पांझरा. साहेब म्हणायचे, हा माणूस मशीनला नद्यांची नावं ठेवतो, उद्या उंदराला मारुतीचं ठेवील.

तर एके दिवशी रुपचंद एका ओळीवर अडखळला. फाईलचं नाव उजवीकडे लांब गेलं होतं, ते त्याला सापडेना, म्हणून त्याने मान डावीकडून उजवीकडे फिरवत, गाईने गव्हाण चाचपावी तशी ती ओळ चाचपली. कौतिक बघतच होता.

"काय रे, मुंडकं काय फिरवी ऱ्हायना?"

रुपचंदने झटकन मान सरळ केली. आणि त्या घाईत तोंडाला आलं ते बोलून गेला. "काही नाही रे. चाळीशी लागली."

"आं? मग सांगायचं ना भो!" कौतिक खूश झाला. त्याला कामच मिळालं. "चष्मा नको आणू. चष्मा मीच करून देतो तुला."

आणि बसला. कौतिकला हात लावायला काहीतरी हवंच असे, आणि यात तर मैत्रीचं निमित्त. त्याने रुपचंदला सगळं समजावून सांगितलं, जसं काही रुपचंदला ते येतच नव्हतं. अक्षरं खिडकीची असतात, म्हणाला. पडद्यावर जी खिडकी उघडते तिच्या सेटिंगची फाईल तुझ्या घरच्या डिरेक्टरीत, त्यात फॉन्टचं नाव लिहायचं, पाठीमागचा रंग लिहायचा, अक्षरांचा रंग लिहायचा. पण त्या खिडकीत 'बोल, काय करू' म्हणून जी ओळ येते ना, प्रॉम्प्ट, ती खिडकीची नाही. ती शेलची, म्हणजे आपली कमांड ऐकतो त्या प्रोग्रॅमची. ती त्या त्या मशीनवर लिहावी लागते; गिरणाची गिरणावर, पांझराची पांझरावर.

अक्षरं केली हरभऱ्याएवढी. बारा ठिपके रुंद, चोवीस उंच, त्याहून मोठा फॉन्ट मशीनमध्ये नव्हताच. पाठ काळी, अक्षरं पिवळी. मग प्रॉम्प्टला हात घातला. आधी तिथे नुसतं मशीनचं नाव आणि डॉलरची खूण असायची, एवढंसं. कौतिकला ते दरिद्री वाटायचं. त्याने त्यात रंग घातला आणि पहिल्याच दिवशी फजिती झाली. लांब कमांड लिहिली की ती खालच्या ओळीवर न जाता त्याच ओळीवर उलटून यायची आणि आधीच्या अक्षरांवर चढून बसायची. लिहिलेलं काय, दिसतंय काय, कशाचा कशाला मेळ नाही. कौतिकने एक अख्खी दुपार शेलला शिव्या घातल्या. मग त्याला उमगलं. रंगाचे जे गुप्त आकडे असतात ते पडद्यावर जागा खात नाहीत, पण शेल बिचारा त्यांनाही अक्षरंच समजून मोजत होता आणि ओळ कुठे संपते याचा त्याचा हिशेब चुकत होता. त्या आकड्यांना दोन्हीकडून तिरप्या रेघेचा चौकटी कंस घातला, म्हणजे 'बाबा, हे मोजू नकोस' असं सांगितलं, की झालं.

"बघ," कौतिक म्हणाला, "मशीनलासुद्धा सांगावं लागतं, काय दिसतं आणि काय दिसत नाही. ना सांगता त्याला काय कळणार!"

रुपचंद हसला. मेल्यासारखा हसला.

शेवटी जो प्रॉम्प्ट तयार झाला तो दोन ओळींचा होता. वरच्या ओळीत डावीकडे रुपचंदचं नाव, मग वेळ, मग तो कोणत्या डिरेक्टरीत बसलाय त्याचा पत्ता, आणि पार उजव्या टोकाला मशीनचं नाव. गिरणा असेल तर हिरवं, पांझरा असेल तर लालभडक. खालची ओळ रिकामी, तिच्यात डाव्या टोकाला फक्त डॉलरची खूण, म्हणजे कमांड लिहायला ऐसपैस जागा.

"वाचायचीसुद्धा गरज नाही," कौतिक म्हणाला. "डोळ्याच्या कोपऱ्यात लाल चमकलं की समजायचं, धुळं आहे, सांभाळून. हिरवं असलं की आपलं घर. कसं?"

डोळ्याच्या कोपऱ्यात! अरे, कोपरेच तर मेले होते त्याचे.

ज्याला खरोखर चाळीशी लागलीय त्याला हे सोन्यासारखं होतं यात शंका नाही. पण फुंकणीतून बघणाऱ्याला अक्षर मोठं करून दिलं म्हणजे काय होतं? फुंकणीत आधी अख्खी ओळ मावत होती, आता तीन-चार शब्द मावायला लागले. डॉलरच्या खुणेकडे बघितलं की वरच्या ओळीचं उजवं टोक त्याच्या दृष्टीने जामनेरला गेलं. त्याला हवं होतं नेमकं उलटं. अक्षर मुंगीएवढं, पण ठळक, ओळ छोटी, नाव अगदी हाताशी. पण चाळीशीवाला माणूस बारीक अक्षर मागतो, हे कधी कुणी ऐकलंय? मागितलं असतं तर कौतिकने लगेच विचारलं असतं, का रे? आणि त्या 'का'ला उत्तर नव्हतं. ज्याची जीभ फाटकी त्याला गुपित सांगायचं म्हणजे दवंडीच द्यायची, असंही रुपचंदला वाटे.

म्हणून त्याने चोरीचा मार्ग धरला. कौतिक शेतात किंवा टपरीवर गेला की कंट्रोल दाबून खिडकीत उंदराचं, म्हणजे माऊसचं, उजवं बटण दाबायचं. फॉन्टची यादी उघडते, त्यातून बारीक निवडायचा. ओळ आक्रसून फुंकणीत यायची, टोकाचं नावही दिसायचं, आणि रुपचंद भराभर काम उरकायचा. दारात कौतिकची चप्पल वाजली की पुन्हा हरभरे. कौतिक म्हणायचा, "काय स्वच्छ दिसतंय ना?" रुपचंद म्हणायचा, "एकदम."

माणूस चोरी लपवायला जितकी मेहनत करतो तितकी त्याने दुखणं लपवायला केली. ऐकणाऱ्याला हसू येईल, पण त्याला त्या दिवसांत रडूच यायचं.

असा हिवाळा गेला. धुळ्याला कपाशीची वेचणी संपली. तिथल्या शास्त्रज्ञ होत्या सुगंधा मॅडम. कमी पाण्यात तग धरणारं कपाशीचं वाण त्या कितीतरी हंगाम निवडत आणत होत्या. या हंगामात त्यांनी प्रत्येक झाडाची बोंडं वेगळी वेचून तोलली होती. तोलायचं आणि थेट पांझरावर टाकायचं, कागदाचं लफडं नको, असा हुकूम झोपे साहेबांचाच. संगणक घेतलाय तो काय आरती ओवाळायला, असं त्यांचं म्हणणं. वजनं टाकून झाली, झाडं उपटली, रान नांगरलं. आता ते आकडे होते ते फक्त पांझरावर.

आणि पांझराचा नक्कल ठेवायचा टेप ड्राइव्ह बिघडलेला. म्हणून साहेबांनी सांगितलं, धुळ्याचा सगळा हंगाम जळगावला उतरवून घ्या, न जाणो डिस्क गेली तर. काम साधं होतं. गिरणावर त्याच नावाच्या डिरेक्टरीत मागच्या हंगामाची जुनी नक्कल होती, डिस्कवर जागा नव्हती, तेव्हा आधी ती जुनी नक्कल पुसायची आणि मग पांझरावरून नवी आणायची. रुपचंदने असलं काम शंभरदा केलं असेल.

त्या दिवशी कौतिक शेजारच्याच खुर्चीत होता, आणि पाचोऱ्याच्या कुठल्याशा लग्नातल्या जेवणाची गोष्ट रंगवून सांगत होता. म्हणजे अक्षरं हरभऱ्याएवढी. रुपचंदने दोन्ही खिडक्या उघडल्या. पांझरावर जाऊन डिरेक्टरी बघितली, किती मोठी आहे ते पाहिलं, आणि मग गिरणाच्या खिडकीत यायला उंदीर सरकवला. उंदराचा बाण पडद्यावर हरवला. हे त्याचं नेहमीचं; फुंकणीतून बाण शोधायचा म्हणजे अंधारात पडलेली सुई शोधायची. सापडला असं वाटलं, तिथे बटण दाबलं. डोळ्यांसमोर होती डॉलरची खूण, आणि वर डिरेक्टरीचा पत्ता. पत्ता दोन्ही मशीनवर सारखाच. उजव्या टोकाला नाव लालभडक पेटलेलं होतं. कौतिकला ते दिसलं असतं, साहेबांना दिसलं असतं, चहा घेऊन येणाऱ्यालाही दिसलं असतं.

रुपचंदने पुसायची कमांड लिहिली आणि एंटर दाबलं.

लिनक्स विचारत नाही, 'खरंच का?' डॉलरची खूण मुकाट्याने परत आली. मग त्याने नक्कल आणायला पांझराकडे मागणी केली, तर उत्तर आलं, अशी डिरेक्टरी नाही. त्याने मान उजवीकडे वळवली. लाल नाव फुंकणीत आलं.

"कौतिक," तो म्हणाला, "घात झाला रे."

कौतिक लगेच धुळ्याला फोन करायला धावला, की मशीनवर कुणी काही लिहू नका, आहे तसं सोडा. पण दुपारच्या त्या वेळी फोन लागता लागेना, आणि लागला तोवर तिकडच्या लोकांनी त्याच डिस्कवर आपली रोजची कामं करून मोकळी केलेली जागा भरून टाकली होती. कौतिकने दोन दिवस न जेवता खणून पाहिलं. हाती लागले ते तुकडे, कुठल्या झाडाचे कुठले आकडे त्याचा पत्ता नाही. सुगंधा मॅडम फोनवर रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "झाडंही नाहीत हो आता. परत मोजू तरी काय?" रुपचंदला वाटलं, त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं.

साहेबांनी चौकशी केली ती अशी. दोघांना बोलावलं, पडदा बघितला, कपाळाला आठ्या घातल्या.

"हे दिवाळीचं तोरण कुणी लावलं?"

"मी," कौतिक म्हणाला. "रुपचंदला चाळीशी लागली म्हणून."

"परवानगी?"

"अक्षर मोठं करायला परवानगी लागते हे मला माहीत नव्हतं, साहेब. उद्यापासून शिंकायचीही मागत जाईन."

झालं. विस्तवात तूप पडलं. कागद ठेवू नका हा हुकूम कुणाचा होता, हे वरच्या मंडळींना कळायच्या आत साहेबांना दोष द्यायला कुणीतरी हवाच होता. रुपचंद कायम नोकरीतला, आजवर एक डाग नाही. कौतिक करारावरचा, वर तोंडाळ. "इतकी वर्षं या माणसाच्या हातून चूक झाली नाही," साहेब म्हणाले, "तुम्ही याच्या पडद्यावर चित्रं काढलीत आणि झाली. मशीनचं नाव डोळ्यांपुढून उचलून पार कोपऱ्यात नेऊन टाकलंत. तुमचा करार इथेच संपला."

कौतिकच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच असं काही दिसलं, की रुपचंदला बघवेना. कारण कौतिकला ते खरंच वाटत होतं. आपल्याच हौसेने मॅडमचं रान उजाड केलं असं तो मानून बसला होता.

घरी इंदिरा म्हणाली, "तुम्ही सांगून टाका." रुपचंद म्हणाला, "सांगितलं तर खुर्ची जाईल." ती म्हणाली, "नाही सांगितलं तर झोप जाईल." तो सकाळपर्यंत कूस बदलत राहिला, आणि सकाळी उठून थेट साहेबांच्या दारात गेला.

"साहेब, चूक प्रॉम्प्टची नाही. माझ्या डोळ्यांची आहे. मला चाळीशी नाही, मला कडेचं दिसत नाही. मोठ्या अक्षरांत तर मला अजिबात दिसत नाही. मला बारीक लागतं."

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "काय लागतं?"

"बारीक अक्षर. दाखवतो, चला."

संगणक खोलीत कौतिक आपली पुस्तकं पिशवीत भरत होता. रुपचंद खुर्चीत बसला, कंट्रोल दाबून यादी उघडली आणि वाचता येण्याजोगा सगळ्यात लहान फॉन्ट होता तो निवडला. राजगिऱ्याच्या दाण्याएवढी अक्षरं झाली. साहेब पुढे वाकले, चष्मा नाकावर खालीवर केला, आणि सरळ झाले. त्यांना एक अक्षर लागेना.

रुपचंदने धडाधड वाचून दाखवलं. फायलींची नावं, तारखा, आकार, एकही न चुकता. वाचताना त्याला वाटलं, सुटलो एकदाचा. आता यांना कळेल.

साहेब हसायला लागले. चांगल्या मनाने हसले, हेच वाईट.

"अहो रुपचंद! माझ्या चष्म्याला दिसत नाही ते तुम्ही पाण्यासारखं वाचता, आणि म्हणता दिसत नाही?" त्यांनी त्याच्या नाकासमोर हात धरला. "किती बोटं?"

"तीन. पण साहेब, बाजूला धरा, बाजूला धरून बघा—"

"मी काय डोळ्यांचा डॉक्टर आहे? मित्रासाठी जीव तुटतो, कळतं मला. चांगली गोष्ट आहे. पण खोटं बोलावं तर जरा पटेल असं. डोळे गेलेला माणूस मुंग्या वाचतो!"

"धुळ्याच्या डॉक्टरचा दाखला आणतो."

"दाखले काय, कुणीही लिहून देतं. बरं, आणा. तोवर वरती माझा कागद गेलेला असेल." तेवढ्यात त्यांच्या केबिनमधला फोन वाजला आणि ते गेले. रुपचंद त्यांच्या मागे दारापर्यंत गेला, टेबल टाळून, खुर्ची टाळून, वायरींवरून पाय उचलून. ती खोली त्याने पायांनी पाठ केली होती. नेमकं आजच त्याला कशाला तरी धडकून तोंडावर आपटायला हवं होतं, आणि आजच पाय शहाण्यासारखे चालले.

तो परत आला तेव्हा कौतिक त्याच्यासमोर उभा होता. डोळे ओले होते.

"रुप्या, मन्हासाठे इतलं खोटं बोलना तू?" कौतिक म्हणाला. "भाऊसुद्धा करत नाही रे इतकं. मी तुझं वाटोळं केलं असतं, आणि तू मलाच वाचवायला निघाला."

"कौतिक, खोटं नाही. खरंच सांगतोय."

"ऱ्हाऊ दे, भो. समजलं माले."

रुपचंदला ओरडावंसं वाटलं. जन्मभर एक खोटं बोलला ते लोकांनी गिळलं, आणि एक खरं बोलला ते कुणाच्या घशाखाली उतरेना. तो कौतिकच्या तोंडाकडे बघत राहिला. कौतिकही त्याच्याकडे बघत राहिला. मग कौतिकचं तोंड हळूहळू बदललं. आधी कपाळावर आठी आली, मग ओठ उघडे राहिले.

"रुप्या," तो अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "हात दे ना. मी केव्हाचा पुढे करून उभा आहे."

रुपचंदने मान खाली घातली. फुंकणी खाली आली, कौतिकच्या शर्टाची बटणं आली, मग पट्टा आला, आणि मग तो हात. रुपचंदच्याच पोटाला लागेल इतक्या जवळ होता. रुपचंदने तो दोन्ही हातांनी धरला.

कौतिक मटकन खुर्चीत बसला. "म्हणजे मीच," तो म्हणाला, "मीच मोठं केलं. तुला बारीक पाहिजे होतं, आणि मी..."

"तुला कुठे माहीत होतं? मीच सांगितलं नाही. मी दाखला आणतो, कौतिक. उद्याच धुळ्याला जातो. तुझी नोकरी—"

"आणू नको."

"काय?"

"दाखला आणू नको." कौतिकने पिशवीतलं पुस्तक काढून पुन्हा पिशवीत टाकलं. "साहेब मला परत घेणार आहे का? मी काय बोललो ते ऐकलं ना तू? दाखला आणलास तर मी बाहेर आहेच, वरून तूही बाहेर. मला दोन डोळे आहेत, भो, कुठंही की-बोर्ड मिळेल. तुला कोण घेईल, सांग." कौतिकने पिशवीचं तोंड बांधलं. "मग गप बैस."

आणि रुपचंद गप बसला. त्याच वेळी त्याने नाही म्हणायला हवं होतं, हे त्यालाही कळत होतं. पण त्याच्या डोळ्यांसमोर इंदिरा आली, शिलाईचं मशीन आलं. त्याला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि तरी आतून कुठेतरी बरंही वाटलं, त्याची लाज आणखी वेगळी.

कौतिकने त्याची खुर्ची बाजूला ओढली आणि स्वतः बसला. खिडकीची फाईल उघडून हरभरे पुसले, बारीक पण ठसठशीत फॉन्ट घातला. पिवळं काढलं, पांढरं केलं. मग शेलची फाईल उघडून वरची ओळ पुरती छाटून टाकली. वेळ नाही, पत्ता नाही. उरलं ते फक्त मशीनचं नाव, आणि त्याला खेटून डॉलर, म्हणजे कमांड लिहायला जावं तर नावाला धक्का लागल्याशिवाय जाता येऊ नये. गिरणावर केलं, मग पांझराला जोडून तिथेही केलं. रंगाच्या आकड्यांना कंस घालायला विसरला नाही. बोलणारा कौतिक गप असला की खोली ओळखू येत नसे.

"बस," शेवटी तो उठून म्हणाला. "वाच. कोणती नदी?"

रुपचंद बसला. फुंकणी पडद्यावर आणली.

"पांझरा."

"आता?"

"गिरणा."

"दिखस ना बठ्ठं?"

नाव, डॉलर, शेजारी लुकलुकणारी खूण, सगळं एका घासात मावत होतं. इतकं नीट त्याला कित्येक महिन्यांत दिसलं नव्हतं.

"दिखस," रुपचंद म्हणाला.

फक्त हातभर अंतरावर पिशवी खांद्याला लावून उभा असलेला कौतिक त्याला दिसत नव्हता, आणि मान वळवून बघायचा धीर त्याला झाला नाही.